घड्याळासकट शंभर एमबी

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे सर आणि मी. तेव्हा गावोगावी मोबाईलचं इंटरनेट नुकतंच पोचलं होतं आणि वारणानगरच्या पलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम आम्हाला मिळालं होतं. संस्थेतल्या कॉम्प्युटरला मोबाईल जोडायचा आणि थेट जिल्ह्याच्या दूध संघाच्या सर्व्हरवर दुधाच्या नोंदी करायच्या. संघाची अट एकच, सगळं व्हीपीएनच्या टनेलमधून गेलं पाहिजे. म्हणजे उघड्या इंटरनेटवर कुणी वाटेत नोंदी वाचायला नकोत.

संस्थेचे सेक्रेटरी धिप्पाड आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांची स्वतःची एक अट होती. "म्याडम, स्क्रीनवर घड्याळ पायजे. सेकंदासकट. टाईम संपल्यावर दूध घेऊन येत्यात आणि वर माझ्याशीच भांडत्यात." सरांनी घड्याळ करून दिलं.

मग सरांनी अंदाज काढला. ऑफिसात आठवडाभर टनेल न लावता सगळं चालवून पाहिलं. महिन्याला पंच्याऐंशी एमबी लागतील असं दिसलं. माहिती जाते ती तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी. टनेलचं वेष्टन प्रत्येक पॅकेटला सत्तर-ऐंशी बाइट आणि भरलेलं पॅकेट दीड हजार बाइटच्या आतबाहेर. "शंभराला पाच-सहा जास्तीचे धर," सर म्हणाले. शंभर एमबीचं प्रीपेड पॅक आरामात पुरणार होतं.

ते महिन्याच्या निम्म्यातच संपलं.

फोन मी उचलला. खरं तर फोनची गरजच नव्हती, आवाज तसाही आला असता. "तुमचा टनेल हाय का गटार? समदं वाहून गेलं की!"

दुसऱ्या दिवशी सरांच्या स्कूटरवरून आम्ही गावात गेलो. सरांना वाटत होतं, सेक्रेटरी चोरून गाणी उतरवून घेत असणार. सेक्रेटरींना वाटत होतं, आम्ही. मी दोघांनाही गप्प बसवलं आणि नवं पॅक टाकून अर्धा तास कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं. कॉम्प्युटरवर दोन आकडे दिसायचे. टनेलच्या आत किती गेलं-आलं हा एक, आणि मोबाईलवरून प्रत्यक्षात किती, हा दुसरा. तिघंही स्क्रीनसमोर हाताची घडी घालून बसलो. चहा आला तोही कुणी हलता न हलता प्याला.

कुणी काही करत नव्हतं आणि दोन्ही आकडे पळत होते. अर्ध्या तासानं बाहेरचा आकडा आतल्याच्या अडीच पट होता.

"अहो, घड्याळ!" मी ओरडलेच. दर सेकंदाला सर्व्हर नवी वेळ पाठवत होता. साठेक बाइटचं एवढंसं पॅकेट. त्याची पोच परत जायची, चाळीस बाइटची. आणि टनेल दोन्हींना तेच सत्तर-ऐंशीचं वेष्टन गुंडाळत होता. सरांची टक्केवारी मोठ्या फायलींसाठी बरोबर होती. आम्ही मात्र दिवसभर चिटुकली पॅकेटं पाठवत होतो.

सेक्रेटरींनी खुर्ची पुढं ओढली. "म्हंजे चमचाभर दूध आणि त्याला चाळीस लिटरचा कॅन?"

"इतकं नाही, पण तसंच."

"मग कॅनचं वजन वजा करायला नको व्हय? आम्ही भांडं वजा करूनच दूध मोजतो!" आणि आम्ही आडवं येईपर्यंत त्यांनी मोबाईल कंपनीला फोन लावलासुद्धा. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती. हे तिला ठणकावत होते, "बहनजी, बर्तन का वजन काटो! दूध का ही लगाओ!" तिनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, की दुधाची सेवा सध्या उपलब्ध नाही. सर पोट धरून हसत बाहेर व्हरांड्यात गेले.

भांडं काही वजा झालं नाही. मग सरांनी घड्याळाचे सेकंद काढून टाकले, वेळ आता मिनिटाला एकदाच बदलायची. टनेल रिकामा असतानाही दोन्ही टोकं दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारायची, ती मिनिटावर नेली. त्याहून जास्त ताणलं की लाईन तुटायची. सेक्रेटरींनी आपल्या घरचं भिंतीवरचं घड्याळ आणून लावलं, पण मनापासून नाही.

नव्या पॅकचा महिना संपला त्या दिवशी पुन्हा फोन आला. मी आधीच रिसीव्हर कानापासून लांब धरला. पण आवाज चक्क मऊ होता. "म्याडम, निम्म्याच्या वर शिल्लक राहिलं की! आता पुढच्या महिन्यात घालायचं न्हवं?"

"नाही हो. मुदत संपली की ते जातं."

"जातं? कुठं जातं?"

मी रिसीव्हर सरांपुढे धरला. सरांनी तो माझ्याकडेच ढकलला.

"पैसं आम्ही भरलं, वापरलं न्हाय, आणि जातं," सेक्रेटरी म्हणाले. "बहनजीचा नंबर द्या बघू परत."