बाबारावांची तापाची वही

धुरपताबाईचा जन्म छप्पन सालचा, धम्मदीक्षेनंतर पंधरा-वीस दिवसांतला. समुद्रपूरजवळच्या खेड्यात ती जन्मली आणि लग्न होऊन तिथंच चार घरं पलीकडे नांदायला गेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. निंदण, वेचणी, सोयाबीनची कापणी यातच निम्मं आयुष्य गेलं. नवरा बाबाराव एसटीत कंडक्टर. दिवसभर दुनियेला तिकिटं फाडून द्यायचे आणि घरी बायकोला पाटीवरचं गावाचं नावही वाचता येऊ नये, याची त्यांना खंत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. खंत तिलाच होती. चाळिशीच्या घरात साक्षरता वर्ग निघाला तेव्हा ती सुनांच्या वयाच्या बायकांत जाऊन बसली आणि दोन वर्षांत सगळ्यांच्या पुढं निघाली.

"आता पेपर मले शिळा भेटते," असं बाबाराव पारावर सांगायचे. तक्रार करायचे आणि छाती फुगवायचे.

त्यांच्या वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथ वाचला जातो. आश्विन पौर्णिमेला वाचन संपतं, मग सगळ्यांचं जेवण होतं. शेवटचं पान धुरपताबाईनं वाचायचं, हे पंधरा वर्षांपासून ठरून गेलेलं. बाकीचे वाचायचे ते गाडी सुटल्यासारखे. ती सावकाश वाचायची, एकेका शब्दाला मान देऊन. म्हाताऱ्या बाया तेवढ्या वेळापुरतं बोलणं सोडायच्या, आणि त्या बायांचं बोलणं थांबवणं काही साधी गोष्ट नव्हती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पुढं दर एकवीस दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली. सकाळच्या बसनं मोठ्या दवाखान्याच्या डे-केअरमध्ये जायचं, खुर्चीत बसून शिरेतून औषध घ्यायचं, संध्याकाळी घरी. पहिल्या दिवशी तिथल्या मीरा सिस्टरनं हातात एक छापील कागद दिला. बाबाराव चष्मा शोधेपर्यंत धुरपताबाईनं तो मोठ्यानं वाचायला घेतलाही. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न पाहता सांगितल्या वेळेला घ्यायची. खाणं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. दिवसभर पाणीही पोटात टिकलं नाही तर फोन करायचा. तोंड आलं तर मऊ ब्रश, तिखट बंद, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. पाणीही गिळवेना तर फोन. आणि ताप. शंभर पूर्णांक चार किंवा वर गेला, थंडी वाजली, की दिवस असो रात्र असो, लगेच फोन. सकाळची वाट पाहायची नाही. आपल्या मनानं तापाची गोळी घ्यायची नाही. गोळीनं ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच वाढतं. औषधानंतर आठवडा-दोन आठवडे अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा तर जिवावर बेतू शकतं.

शेजारच्या खुर्च्यांवरचे पेशंट ऐकत होते. "काकू, आता तुम्हीच समजवायला येत जा," सिस्टर हसून म्हणाली.

बाबारावांनी त्याच संध्याकाळी तापाची वही सुरू केली. तीस वर्षं एसटीत कागद चोख ठेवलेला माणूस तो. सकाळी सात, संध्याकाळी सात, थर्मामीटर काखेत, आकडा वहीत. दोन डोस सुरळीत पार पडले. केस गेले, तोंडाची चव गेली, पण ताप आला नाही. बाबाराव सिस्टरपुढं वही उघडून धरायचे आणि सिस्टर प्रत्येक वेळी शाबासकी द्यायची.

तिसऱ्या डोसनंतर आठव्या दिवशी तोंड आलं. पौर्णिमा होती अकराव्या दिवशी. धुरपताबाई गुळण्यांच्या मागंच लागली.

"एवढ्या वर्षी दुसऱ्याले वाचू दे," बाबाराव म्हणाले. "गर्दीत जाऊ नको म्हून त्या कागदावर लिवलं हाये."

"मी दूर बसीन, तोंडाले फडकं बांधून. पण वाचीन मीच. पुढच्या वर्षीचं कोन पाह्यलं?"

बाबारावांनी एक स्वच्छ फडकं काढून ठेवलं.

पौर्णिमेच्या सकाळी उलटीची गोळी काढायला त्यांनी औषधांचा डबा उघडला. त्यात तापाच्या गोळ्यांची पट्टी होती, त्यांनी स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली. ती पुरी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता सहा घरं फुटलेली. ते पट्टी हातात धरून उभे राहिले. बाहेर मोरीपाशी धुरपताबाई गुळण्या करत होती. दोरीवर तिची पांढरी साडी वाळत होती.

सगळं त्यांच्या ध्यानात आलं. दोन दिवस ती "आधी चहा घेतो, मंग लावा" म्हणत थर्मामीटर तासभर पुढं का ढकलत होती, तेही. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. फोन केला की सिस्टर म्हणणार, लगेच या. आणि मग ते पान दुसरंच कुणी वाचणार.

बाबारावांनी पट्टी डब्यात ठेवली. थर्मामीटर लावलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला आणि आकडा खरा आहे, असं स्वतःला समजावलं.

धुरपताबाईनं पान वाचलं. तोंडातल्या जखमांमुळे शब्द जड येत होते, म्हणून नेहमीपेक्षा सावकाश. बाबाराव मागं खांबाला टेकून ऐकत होते आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. इतकं सुंदर तिनं कधीच वाचलं नव्हतं.

जेवणाची पंगत बसली आणि तिला हुडहुडी भरली. ताप एकशे तीन. बाबारावांनी फोन केला. प्रेमदासनं, विहाराचा चिटणीस होता तो, गाडी काढली. सव्वा तासानं दवाखाना. रक्तदाब खाली गेलेला. नर्सनं लागलीच रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू केलं.

"ताप कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबारावांनी वही पुढं केली. डॉक्टरांनी पानं चाळली. "म्हणजे आजच आला?"

उत्तर धुरपताबाईनं दिलं. "परवापासून होता, साहेब. मी गोळ्या घेऊन राह्यली होती." तिनं बाबारावांकडे बोट केलं. "यायले नाई माहीत."

ती तिसऱ्या दिवशी गेली. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, इन्फेक्शन रक्तात पसरलेलं. दोन दिवस आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले होते. ते अर्धं वाक्य बाबाराव घरी घेऊन आले.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आलेले लोक सांगत होते, बाबाराव, तुम्ही तं तळहातावर जपलं तिले. त्यांना ते ऐकवेना. तिनं जाता जाता आपल्याला सोडवून ठेवलं होतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं ते एकटेच डे-केअरला गेले. मीरा सिस्टर खुर्चीवरून उठली, तिनं त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

"काका, स्वतःला दोष देऊ नका. काकूंनी लपवलं, तुम्हाला काय माहीत?"

"मले माहीत होतं," बाबाराव म्हणाले. "सकाळीच पट्टी पाह्यली होती मी."

सिस्टर त्यांच्या शेजारी बाकावर बसली. तिनं विचारलं, "मग फोन का नाही केला, काका?"

"तिले वाचाचं होतं, बाई," ते म्हणाले. "अन् मले आयकाचं होतं."