अठरा रुपयांची व्ही.पी.

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमच्या गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींचं. त्यांच्यामुळेच आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो आणि मुंबईत नोकरीला लागलो. पगार हाती येताच ठरवलं, आता स्वतःचा इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यायचा. पुण्याच्या एका पुस्तकांच्या दुकानाला कार्ड टाकलं. ‘टपालासह नऊ रुपये, व्ही.पी.ने पाठवू; पैसे पार्सल घेताना पोस्टमनला द्यावेत,’ असं उत्तर आलं. पंधरा दिवसांत पार्सल न आल्यानं मी दुसरं कार्ड टाकलं. त्यात पुस्तकाचं नाव आणि माझा पत्ता पुन्हा नीट लिहिला.

मुलुंडच्या आमच्या चाळीत पोस्टमन आला तो शनिवारी दुपारी.

“अठरा रुपये, वर कमिशनचे चार आणे.”

मी दुकानाचं पत्र पुढे केलं. “नऊच लिहिलेत. वरचे कुणाचे?”

जवळ जेमतेम दहा रुपये होते. माझा आवाज चढला तशी शेजारच्या मालवणी काकू बाहेर आल्या.

“मेल्या, शिकलेल्या पोराक लुटतंस काय रे?”

“काकू, सांभाळून बोला! बारा वर्षं ह्या चाळीत मनीऑर्डरी वाटतोय. चला साहेब, पोस्टात. आत्ताच्या आत्ता.” त्याचा चेहरा लाल झाला होता. काकूही पदर खोचून निघाल्या.

पोस्टमास्तरांनी फॉर्म दाखवला. अठराचा आकडा दुकानदारानंच शाईनं घातला होता.

“पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येणार नाही. नको असेल तर परत पाठवू. पण वजन बरंच आहे हो. कार्डं किती टाकलीत?”

“दोन. एक मागणीचं, एक आठवणीचं.”

“आठवण म्हणून लिहिलं होतंत?”

तसा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता. दुकानदारानं दोन मागण्या धरल्या होत्या. पोस्टमास्तर हसू लागले, काकू तर डोळे पुसायला लागल्या. “बी.ए. झालंस ना रे झिला?”

मी पोस्टमनची माफी मागितली. त्यानं पार्सल तळहातावर जोखलं. “दुसरी प्रत मी घेतो. पोरगी मॅट्रिकला बसतेय. निम्मे माझे.”

पार्सल फोडलं. आत दोन कोरे करकरीत कोश! त्यानं हात शर्टाला पुसून एक उचलला.

त्याच रात्री मी गुरुजींना पत्र लिहिलं :

“ती. गुरुजींस सा. न.
आज चार माणसांत एका प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं. त्यानं मनात काही ठेवलं नाही. त्याच्या मुलीला दर रविवारी इंग्रजी शिकवायचं कबूल करून आलो आहे. ती मोठी हुशार आहे म्हणतात. पहिला धडा कुठून सुरू करू, ते कळवावं. दुकानदाराला मात्र मी आता तिसरं कार्ड टाकणार नाही.
आपला विद्यार्थी”