महोदय

पायाला भिंगरी बांधल्यासारखी सदा पळणारी, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. नोकरी मात्र बैठी: पाणीपुरवठा कार्यालयात पत्रं टाइप करायची. ‘प्रति’, ‘महोदय’, ‘आपली विश्वासू’ हे शब्द बोटांना इतके सरावाचे की डोळे मिटूनही उमटायचे.

वडील गेल्यावर काही वर्षांनी आईने दुसरं लग्न केलं. आईच्या नवऱ्याला ती काका म्हणायची. यंत्रांच्या घरघरीत जन्म गेल्याने त्यांना ऐकू येईना, आणि मोबाईलला ते हात लावत नसत. सगळं पत्रावर. आई वारली तेव्हा भिंगरीला मृत्यूचा दाखला हवा होता. तिने कार्यालयातच घाईघाईत काकांना पत्र टाइप करून धाडलं.

दाखला आला. सोबत काकांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘महोदया, आपले पत्र मिळाले. दाखला सोबत जोडला आहे. आपला विश्वासू.’

तिने लगेच संगणकात आपलं पत्र उघडून पाहिलं. ‘महोदय, दाखला सत्वर पाठवावा.’ ज्या माणसाने आईला शेवटपर्यंत भरवलं, त्याला!

घरी येऊन लिहायला बसली, उठली, पुन्हा बसली. ‘श्री.’ लिहिलं, कोरडं वाटलं. ‘प्रिय’ तर थोरामोठ्यांना लिहीत नाहीत. ‘तीर्थस्वरूप’ लिहून खोडलं.

“अगं, जेव तरी,” नवरा म्हणाला.

“मायना सुचू दे.”

शेवटी तिने आत्याला फोन लावला.

“तीर्थरूप आपल्या आईवडिलांना,” आत्या म्हणाली. “बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. आणि हे बघ, तुझा बाप म्हणजे माझा भाऊ. दुसरा कोणी नाही.”

फोन ठेवून भिंगरीने स्वयंपाकघरात येरझारा घातल्या. मग उभ्या उभ्याच लिहिलं: ‘तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. मागचं पत्र लिहिताना मी चुकले. रागावू नका.’ आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकून आली.

त्यानंतर तिला चैन पडेना. टपालवाला दिसला की ती खुर्चीतून अर्धी उठायची. साहेब म्हणाले, “खुर्चीला काटे आलेत का?”

उत्तर आलं. ‘चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. तीर्थरूप हा तुझ्या वडिलांचा मान. तो त्यांच्याकडेच राहू दे. मला तीर्थस्वरूप लिही, तेवढं मला खूप झालं. पण महोदय नको गं. ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझ्या आईचं कपाट मी उघडलेलं नाही. एकट्याने धीर होत नाही.’

वाचून तिला हायसंही वाटलं आणि हिरमुसल्यासारखंही. काका आपले की परके, हे तिला अजून कळत नव्हतं. रविवारी ती त्यांच्याकडे गेली. घंटा त्यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून खिडकीशी उभी राहून दोन्ही हात हलवत राहिली. काकांनी चष्मा सावरून पाहिलं आणि धडपडत दार उघडलं.

दुपारभर दोघांनी मिळून कपाट रिकामं केलं.