नथीखालचा ओठ

"मोठी नथ घाल गं, तेवढाच वाकडा ओठ झाकेल," स्टुडिओत सासू सुनेवर खेकसली होती.

"ओठ माझा आहे, सासूबाई. झाकायचा कशाला?"

दिवा लावता लावता फोटोवाल्या मावशीनं सगळं ऐकलं. सासूपुढं कोणाचं चाललंय? नथ घातलीच.

लेक तान्ही असतानाच ती सून गेली. आता तीच लेक तो एकुलता एक फोटो घेऊन आली. "मावशी, टिकली, डूल, हार राहू द्या. नथ तेवढी काढा. आईचं हसू बघायचंय."

मावशीनं कॉम्प्युटरवर नथीचे मोती पुसले, त्यांची ओठावरची सावली पुसली. खाली ओठच नव्हता. फोटोत झाकलेलं थोडंच उरतं? मग उजवा अर्धा ओठ उलटा करून तिनं डावीकडे बसवला. वाकडेपण चांगलं आठवत होतं, पण ते पुन्हा रेखाटायला हात धजला नाही.

"किती देखणी गं माझी आई!" लेक रडायलाच लागली.

मावशीनं खरं सांगायचं सोडून तो नवा फोटो फ्रेममध्ये बसवायला घेतला. सासूनं निदान ओठ नुसता झाकला होता, आपण तर पुसूनच टाकला, ही टोचणी काही जाईना.

संध्याकाळी शेवटचं काम म्हणून तिनं फ्रेमची काच पदरानं पुसली, कागदात गुंडाळली आणि कुठल्याही गिऱ्हाइकाची करावी तशी त्या लेकीच्या घरी पोचती केली.