पुस्तकाच्या पायातली पट्टी

रिटायर झालेल्या नर्सबाईंनी बाळंतपणाच्या वॉर्डातल्या आठवणी लिहिल्या आणि पुतण्याने त्या आपल्या लॅपटॉपवर वर्डमध्ये उतरवल्या. आज टायपिंगच्या दुकानात त्यांचं ई-पुस्तक होत होतं. दुकानवालीने कव्हर चढवलं. प्रकरणांची शीर्षकं नुसती ठळक केलेली होती, म्हणून अनुक्रमणिका रिकामी येत होती. तिने प्रत्येकाला हेडिंगची स्टाइल दिली, तेव्हा कुठे बोट ठेवताच प्रकरण उघडू लागलं.

बाईंनी पुस्तक मोबाइलवर घेतलं, तर तिथल्या पुस्तकांच्या यादीत लेखक म्हणून पुतण्याचं नाव.

“फाइल यांच्या लॅपटॉपवर बनली ना, तिच्यातलंच नाव इथे आलं,” दुकानवाली पुतण्याकडे बघत म्हणाली.

“राहू दे, काकू,” पुतण्या गाडीची किल्ली फिरवत म्हणाला. “कव्हरवर तुझंच आहे. यादी कोण बघतंय?”

काकू खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या. “तीस वर्षं बाळांच्या पायात आईच्या नावाची पट्टी बांधली मी. दुपटं कितीही छान असो, पट्टी चुकली की बाळ दुसऱ्याच्या घरी. तुला घाई असेल तर तू हो पुढे.”

दुकानवालीने मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या आतली माहिती, उघडली, लेखकाच्या रकान्यात बाईंचं नाव घातलं आणि फाइल पुन्हा पाठवली. काकूंनी यादी नीट वाचली, मग मोबाइल पुतण्याला दिला.

“तुझे आभार शेवटच्या प्रकरणात आहेत. अनुक्रमणिकेत बोट ठेव, थेट पोचशील.”