तिच्या फोनमध्ये मी नव्हतो

आम्ही नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगाची चटणी. भाजलेल्या दाण्यांची सालं मी चोळून काढली, तिनं उखळात कुटली. मग चटणीचा फोटो काढून म्हणाली, "स्टेटसला टाकला. बगा की." मी माझ्या फोनात बघितलं. काही नव्हतं.

"खोटं बोलतीस," म्हणालो. ती हसली. दोन दिवसांनी छातीत कळ आली आणि ती गेली.

नंतर तिच्या नंबरावरचा लाल साडीतला फोटो मी रोज बघायचो. खाली तिनं लिहिलेली ओळ होती: कामात हाय, मग बोला. महिन्यानं एका दुपारी फोटोही गेला आणि ओळही. राखाडी गोळा नुसता. तिचा फोन जुळे सोलापुरात सुनेकडं. मला वाटलं, हिनंच पुसलं. सासू मेली, आता फोटो बी नको.

शेजारणीला विचारलं. तिनं फोन पुढं केला. "दिसतोय की भाऊजी, लाल साडीतला. त्यांची स्टेटसं लई भारी असायची. तुमी तोंड उघडं टाकून झोपलेले, खाली लिहिलंय, भवानी पेठेतला भोंगा."

सगळ्या गल्लीनं बघितलं, मी सोडून. एवढा संसार केला आणि माझ्यापासनं लपवत होती? डोकं फिरलं. रिक्षा करून तसाच सुनेकडं गेलो.

"फोटो का काढलास?"

"काढला न्हाय, मामा. अनोळखी लोक फोटो उचलत्यात, म्हणून फोटो आणि ती ओळ सगळ्यांना दिसत होती ती फक्त कॉन्टॅक्टना ठेवली. तुमी हायच की त्यात."

"मग शेजारणीला दिसतं, मला का न्हाय?"

तिनं सासूचा फोन उघडून शोधलं. माझं नाव कुठंच नाही. चॅटवर नुसता नंबर.

"आत्यांनी तुमचा नंबर सेव्हच केला न्हाय. तुमी त्यांचा केलाय, पण त्याचा उपयोग न्हाय. आणि स्टेटस पहिल्यापासनंच सेव्ह असलेल्यांनाच जातं."

मला आठवलं. फोन घेतला त्या दिवशी पोरगा नंबर भरत होता. माझा आला तशी ती थांबली. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. मीच वर म्हणालो, "लिहू बी नकोस." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मला पाठ हाय."

"ती स्टेटसं आता बघता येतील?"

"चोवीस तासांनी जात्यात, मामा," सून म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. मी तिला काय काय बोललो होतो मनात. बायकोचा फोन मागून घेतला, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी तिच्या फोनात माझा नंबर भरला. नाव टाकायला वेळ लागला, अक्षरं सापडत नव्हती. पूर्ण नाव टाकलं. मग माझा फोन उघडून बसलो. थोड्या वेळानं लाल साडी आली. खाली ओळ आली: कामात हाय, मग बोला.

मी तिचा फोन चार्जिंगला लावला.