क्लॉकची पसरट कड

शिरोलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मशीनची कंपनं मोजणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड मधूनच चुकायचं. भागीदार मित्र म्हणाला, "क्लॉकच्या बफरला वेगळा सप्लाय दे की, लेका." क्लॉक म्हणजे मोजणीचे ठोके देणारा सिग्नल; बफर ही ते ठोके पुढे पोचवणारी चिप. मी कामगारांसमोर त्याला सुनावलं, "आधी तुझा प्रोग्रॅम सुधार." तो गेला, तो परत आलाच नाही.

पुढे मी सिग्नलचा आलेख दाखवणारा स्कोप लावला. आउटपुटच्या चिप्स एकदम चालू-बंद झाल्या, की त्यांचं आणि बफरचं सामायिक व्होल्टेज खचायचं, बफर मंदावायचा आणि क्लॉकची कड, म्हणजे ठोक्याची सुरुवात, उशिरा यायची. मोजणीचा क्षणच हलायचा. स्क्रीनवर पुढेमागे झालेले ठोके एकावर एक पडून ती कड पसरट दिसत होती. त्यानं सांगितलं तसा बफरला स्थिर व्होल्टेज देणारा वेगळा रेग्युलेटर दिल्यावर ती बारीक झाली.

स्क्रीनचे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो त्याला पाठवून लिहिलं, 'चूक माझी होती.' त्यानं ते पाहिलंय. उत्तर नाही. नवीन कार्ड आखताना वाटतं, त्यानं शेजारी बसून खोड काढावी.